उरलेल्या ५० शेअर्सचा नंबर

*मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून पायथनमध्ये शेअर बाजाराचं मॅचिंग इंजिन केलंय. खरेदीला एक हीप, विक्रीला एक. सगळ्या टेस्ट पास होतात. तरी इंटर्नशिपच्या मुलाखतीत ‘ही प्राइस-टाइम प्रायॉरिटी नाही’ म्हणून परत पाठवलं. मला याच क्षेत्रात जायचंय. आता सी++ शिकू का? कोड सोबत जोडलाय.*

सी++ नंतर शिक. प्राइस-टाइम प्रायॉरिटी म्हणजे ज्याचा भाव चांगला त्याचा सौदा आधी, आणि भाव सारखाच असेल तर जो आधी आला त्याचा नंबर आधी. ती कुठे मोडते हे कळायला तुझ्या कोडमधली ही ओळ बघ. अर्धवट भरलेली ऑर्डर तू हिनेच परत हीपमध्ये टाकतोस.

```python
heapq.heappush(sells, (o.price, time.time(), o))
```

आता कागद घे. १०१ या भावाला विक्रीच्या तीन ऑर्डर याच क्रमाने आल्या आहेत: ‘क’चे १०० शेअर्स, ‘ख’चे २००, ‘ग’चे ३००. मग कोणीतरी १०२ पर्यंत भाव द्यायची तयारी ठेवून २५० शेअर्सची खरेदी टाकतो. सौदा १०१ लाच होतो, कारण बुकात आधीपासून थांबलेल्या ऑर्डरचा भाव लागतो. हे तुझं बरोबर आहे. ‘क’चे १०० गेले, ‘ख’चे १५० गेले, ‘ख’चे ५० उरले. ते तू परत ढकललेस, आणि `time.time()` ने त्यांना आत्ताची वेळ दिलीस. ‘ख’ आता ‘ग’च्या मागे गेला. पुढचा माणूस ५० शेअर्स मागतो तेव्हा ते ‘ख’ने विकायला हवेत, तुझ्या इंजिनात ‘ग’ विकतो.

तुझ्या टेस्टना हे दिसलं नाही, कारण त्या सौद्यांचा भाव आणि एकूण संख्या तपासतात. दोन्ही जुळतात. चुकतो तो फक्त माणूस, आणि ज्याचा नंबर गेला त्याच्यासाठी तीच सगळ्यात मोठी चूक आहे. मुलाखत घेणाऱ्याने बहुतेक हेच पकडलं असणार.

इथे जुनीच वेळ ठेवली की भागेल, असं तुला वाटेल. या एका चुकीपुरतं भागेलही. पण घड्याळावर रांग लावूच नये. दोन ऑर्डरना एकच वेळ मिळू शकते, आणि सिस्टिमचं घड्याळ दुरुस्त होताना मागेही जातं. इंजिनाच्या दारातच प्रत्येक ऑर्डरला वाढता क्रमांक दे, आणि रांग त्या क्रमांकाची ठेव.

मग हीपच काढून टाक. प्रत्येक भावाला एक रांग, दुहेरी लिंक्ड लिस्टची. आणि ऑर्डर नंबरवरून थेट तिच्या जागी नेणारी एक डिक्शनरी. अर्धवट भरलेली ऑर्डर जागची हलतच नाही, नुसती संख्या कमी होते. खरा फायदा ऑर्डर रद्द करताना कळतो. हीपच्या मधली ऑर्डर काढायची तर ती शोधावी लागते, इथे दोन दुवे जोडले की झालं. बाजारात येणाऱ्या बऱ्याच ऑर्डर सौदा न होताच रद्द होतात, त्यामुळे हा कोपऱ्यातला प्रश्न नाही. भावही पूर्णांकात ठेव, १०१.०५ म्हणजे १०१०५. नाहीतर `0.1 + 0.2` आणि `0.3` अशा एकाच भावाच्या दोन रांगा होतील.

ऑर्डरमधला बदल तू सरसकट ‘रद्द करून नवी’ असा केला आहेस. बहुतेक एक्स्चेंजमध्ये संख्या कमी केली तर जागा टिकते. संख्या वाढवली किंवा भाव बदलला तर माणूस रांगेच्या शेवटी जातो. ‘ख’ने ५० चे ३० केले तर मागच्या कोणाचं नुकसान होत नाही. ५० चे ५०० केले आणि नंबर तोच ठेवला, तर ‘ग’वर अन्याय होतो. नियम पाठ करण्याआधी हे कारण समजून घे, कारण मुलाखतीत कारणच विचारतात.

थ्रेड वाढवून वेग आणायचा विचार तू शेवटी लिहिला आहेस, तो तूर्त सोड. एका शेअरचं बुक एकाच थ्रेडने चालवावं. लंडनच्या एलमॅक्स एक्स्चेंजने जावामध्ये, एकाच थ्रेडवर सेकंदाला ६० लाख ऑर्डर हाताळल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. एकच थ्रेड असला की आलेल्या ऑर्डरची नोंदवही पुन्हा चालवून तेच सौदे त्याच क्रमाने निघायला हवेत, आणि ते तपासता येतं.

पुढचे तीन आठवडे एवढंच कर. दुसरं एक मठ्ठ इंजिन लिही: साधी यादी, प्रत्येक वेळी भाव आणि क्रमांकाने पुन्हा लावलेली, वेगाची पर्वा नाही. मग नव्या ऑर्डर, बदल आणि रद्द करणं यांचं एक लाखाचं सरमिसळ मिश्रण दोन्ही इंजिनांना दे आणि सौदे एकेक ओळ ताडून बघ. कोणी कोणाला विकलं हेसुद्धा. पहिला फरक पडेल तिथे थांब, आणि त्याआधीच्या ऑर्डर गाळत गाळत चूक चार-पाच ओळींत आण. पुढच्या मुलाखतीला कोडसोबत त्या चार-पाच ओळी घेऊन जा. एक्स्चेंज, त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या आणि ब्रोकर, तिन्हीकडे असं शोधकाम रोजचं असतं. सी++ त्यानंतर घे, आणि हेच इंजिन त्यात पुन्हा लिही. ताडून बघायला मठ्ठ इंजिन तुझ्याकडे असेलच.