नाश्ता केंद्रासाठी वेट ग्राइंडर, मिक्सर आणि ओव्हन कसे निवडावेत?

प्रश्न: जुळे सोलापूर भागात इडली-डोशाचे नाश्ता केंद्र सुरू करतो आहे. रोज अंदाजे ४०० इडल्या, १०० डोसे आणि संध्याकाळी थोडे पाव-नानकटाई असा बेत आहे. वेट ग्राइंडर, मिक्सर आणि ओव्हन किती क्षमतेचे घ्यावेत? सिंगल फेजवर भागेल का? आणि बिघडले तर इथे दुरुस्ती होते का?

उत्तर:

मी सोलापुरात हॉटेल आणि खानावळींच्या स्वयंपाकघरांत यंत्रे बसवून देण्याचे व त्यांची देखभाल करण्याचे काम करतो. आपल्या बेतासाठी माझा सल्ला असा आहे की वीस लिटरचा एक ग्राइंडर न घेता दहा लिटरचे दोन घ्यावेत, वीजजोडणी पहिल्यापासूनच थ्री फेज घ्यावी आणि ओव्हन गॅसवरचा घ्यावा. या तिन्हींमागचा हिशेब सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या आपले आकडे बदलले तरी तो पुन्हा मांडता येईल.

ग्राइंडरवर लिहिलेले लिटर हे भांड्याचे पूर्ण आकारमान असते. प्रत्यक्षात दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरले की पीठ काठावरून उडू लागते आणि दगडाखाली नीट येत नाही, म्हणून दहा लिटरच्या यंत्रात एका वेळी सहा-साडेसहा लिटर पीठच धरावे. आता आपली गरज पाहू. एका इडलीला सुमारे ५० ग्रॅम आणि एका डोशाला सुमारे १०० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे इडलीचे २० किलो आणि डोशाचे १० किलो मिळून रोज ३० किलो पीठ झाले. एक किलो कोरड्या धान्याचे पाण्यासह साधारण दोन किलो चारशे ग्रॅम पीठ होते, त्यामुळे आपल्याला रोज साडेबारा किलो धान्य वाटावे लागेल. चारास एक हे प्रमाण धरले, तर त्यात १० किलो तांदूळ आणि अडीच किलो उडीद डाळ येते. इडली आणि डोसा यांचे प्रमाण आपण वेगवेगळे ठेवणार असाल तर आकडे थोडे हलतील, पण यंत्राची निवड त्याने बदलत नाही.

डाळ वजनाला कमी असली तरी जागा तीच जास्त अडवते. ती वाटताना भरपूर पाणी पिते आणि हवा धरून फुगते, त्यामुळे सव्वा किलो डाळीचे पीठ दहा लिटरच्या यंत्राची वापरण्याजोगी जागा जवळजवळ भरून टाकते. तांदूळ मात्र एका वेळी अडीच किलो सहज बसतो. म्हणजे डाळीचे दोन आणि तांदळाचे चार असे सहा घाणे झाले. प्रत्येक घाण्याला वाटण्याची ३०-३५ मिनिटे आणि भांडे रिकामे करून पुन्हा भरण्याची दहा मिनिटे धरली, तर एकट्या यंत्राला साडेचार तास लागतात आणि दोन यंत्रांना सव्वादोन. वीस लिटरच्या एका यंत्रात हेच काम तीन घाण्यांत, म्हणजे तितक्याच वेळात होते. वेळ सारखाच लागत असेल तर दोन यंत्रे का घ्यायची, हा प्रश्न रास्त आहे. दोन यंत्रांना पैसे थोडे जास्त पडतात आणि जागाही जास्त लागते, हे खरे आहे. पण रात्री नऊ वाजता एकमेव यंत्राचा पट्टा तुटला तर दुसऱ्या दिवशीचा नाश्ताच बंद राहतो. दोन असतील तर उरलेले यंत्र उशिरापर्यंत चालवून सकाळ निभावता येते. शिवाय लहान यंत्राचे दगड एका माणसाला उचलून धुता येतात. मोठ्या यंत्राचे दगड जड असल्यामुळे धुण्याचा कंटाळा होतो, आणि उन्हाळ्यात पीठ आंबूस होण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

हे सव्वादोन तास सोलापुरात विशेष महत्त्वाचे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळिशीच्या वर जाते आणि रात्रीही खोली तापलेलीच असते, त्यामुळे पीठ सहा-सात तासांत आंबून तयार होते. डिसेंबरात त्यालाच दहा-बारा तास लागतात. पहाटे साडेपाचला पहिला घाणा वाफेवर ठेवायचा असेल, तर उन्हाळ्यात वाटण रात्री अकराच्या सुमारास आणि हिवाळ्यात संध्याकाळी सातच्या आत संपलेले असावे लागते. ज्या यंत्राला साडेचार तास लागतात, त्याला ही वेळ गाठणे अवघड जाते. उन्हाळ्यात वाटताना थंडगार पाणी घालावे, कारण दगडाच्या घर्षणाने पीठ आधीच कोमट होत असते.

आता विजेकडे येतो. दहा लिटरच्या ग्राइंडरला साधारण एक अश्वशक्तीची मोटार असते आणि ती विजेच्या बाजूने सुमारे एक किलोवॅट घेते, म्हणजे दोन ग्राइंडर मिळून दोन किलोवॅट झाले. त्यात दीड किलोवॅटचा मिक्सर, एक किलोवॅटचे कणीक मळण्याचे यंत्र, फ्रीज, दिवे आणि धूर ओढणारा पंखा मिळवले तर बेरीज सहा किलोवॅटच्या आसपास जाते. महावितरणची सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलोवॅटपर्यंत असते. कागदावर हा भार त्यात बसतो. तरीही मी थ्री फेज सुचवतो, आणि त्याचे कारण मोटारीत आहे.

सिंगल फेज मोटारीला सुरू होण्यासाठी कपॅसिटरची मदत लागते, आणि सर्वांत आधी तोच जातो. थ्री फेज मोटारीत तो नसतो आणि तिचा सुरुवातीचा जोरही चांगला असतो. हा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर मोटारीला तिच्या मूळ जोराच्या सुमारे ६० टक्केच जोर उरतो. अशा वेळी भरलेला ग्राइंडर सुरू केला तर मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते, वायरिंगमधून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते आणि काही मिनिटांत जळते. वीज मध्येच जाऊन परत आली तरी हाच धोका असतो, कारण बटण चालूच राहिलेले असते आणि भांड्यात घट्ट पीठ बसलेले असते. म्हणून प्रत्येक ग्राइंडरला वीज गेल्यावर आपोआप सुटणारा आणि जास्त प्रवाहाला तोडणारा स्टार्टर लावून घ्यावा, आणि भांडे थोडे रिकामे करूनच यंत्र पुन्हा सुरू करावे, अशी कामगारांना सक्त सूचना द्यावी. थ्री फेजमध्ये एक फेज गेली तरी मोटार दोन फेजांवर कण्हत चालत राहते आणि जळते; तिला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच. तसेच खांबावर किंवा मीटरपाशी काम झाल्यावर दोन तारांची अदलाबदल झाली तर यंत्र उलटे फिरू लागते, पीठ भांड्याच्या कडेलाच चिकटून राहते आणि वाटणच होत नाही. त्यामुळे असे काम झाल्यानंतर पहिल्यांदा यंत्र रिकामे चालवून फिरण्याची दिशा पाहावी. जमीन सतत ओली असल्याने चांगले अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी याबाबत काटकसर करू नये.

जागा ठरली की यंत्रे घेण्यापूर्वी काही दिवस रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान तिथले व्होल्टेज मोजून घ्यावे. दुपारचा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण आपले वाटण चालणार आहे त्याच वेळी परिसरातले कूलर आणि एसीही चालू असतात.

मिक्सरबद्दल थोडक्यात सांगतो. दोन इडल्यांची किंवा एका डोशाची एक थाळी धरली, तर रोज तीनशे थाळ्यांना ५० ग्रॅमप्रमाणे १५ किलो ओली चटणी लागेल, आणि हे घरगुती मिक्सरचे काम नाही. तो सलग काही मिनिटे चालवून थांबवावा लागतो, ही मर्यादा त्याच्या पाटीवरच लिहिलेली असते. तीन ते पाच लिटरच्या भांड्याचा व्यावसायिक मिक्सर घ्यावा आणि त्याबरोबरच कार्बन ब्रश व कपलर यांचा एकेक जादा संच घ्यावा. शेंगाचटणी मात्र त्यात बारीक करू नये. पात्याच्या वेगाने शेंगदाणे तापतात, तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो. तिच्यासाठी उखळच ठेवावे.

ओव्हनची क्षमता लिटरवर न ठरवता ट्रेवर ठरवावी. ४० बाय ६० सेंटिमीटरचे दोन ट्रे बसणाऱ्या एका डेकमध्ये, म्हणजे ओव्हनच्या एका कप्प्यात, एका वेळी पन्नासच्या आसपास पाव निघतात, आणि संध्याकाळच्या विक्रीला ते पुरेसे आहेत. असा विजेवरचा ओव्हन सहा-सात किलोवॅट घेतो, म्हणजे एकट्यानेच बाकी सगळ्या यंत्रांइतका भार टाकतो. गॅसवरच्या डेक ओव्हनला वीज फक्त दिवा, ठिणगी आणि नियंत्रकापुरती लागते, त्यामुळे वीज गेली तरी लहान इन्व्हर्टरवर भट्टी चालू राहते आणि फुगलेला पाव वाया जात नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानात ओव्हन २०० अंशांवर तापवून संपूर्ण ट्रेवर साध्या ब्रेडच्या चकत्या पसरून ठेवाव्यात. कोपऱ्यातल्या करपल्या आणि मधल्या पांढऱ्या राहिल्या, तर उष्णता सारखी पसरत नाही हे पाच-सात मिनिटांत कळते.

दुरुस्तीच्या बाबतीत आपले शहर सुदैवी आहे. इथल्या चादरी आणि टॉवेल यंत्रमागांवर तयार होतात, आणि ते माग लहान थ्री फेज मोटारींवरच चालतात. त्यामुळे मोटार पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर, पट्ट्यांची आणि बेअरिंगची दुकाने इथे भरपूर आहेत. या सोयीचा फायदा मिळेल असेच यंत्र निवडावे. वेट ग्राइंडरसाठी कोइंबतूर प्रसिद्ध आहे, तिथल्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, आणि तिथून आलेले यंत्र जरूर घ्यावे. मात्र विक्रेत्याला मागचे झाकण उघडायला लावून पट्ट्यावरचा आणि बेअरिंगवरचा क्रमांक वाचून घ्यावा. पट्टा नेहमीच्या ए किंवा बी मापाचा व्ही-बेल्ट असेल, बेअरिंग ६२०४ सारखे सर्वत्र मिळणारे असेल आणि मोटार पायावर बसवलेली सुटी असेल, तर कंपनीचा माणूस न येताही यंत्र त्याच दिवशी चालू होते. मोटार भांड्याच्या तळाशी गिअरसह एकसंध बसवलेली असेल, किंवा चालू-बंद करणारे बटण इलेक्ट्रॉनिक कार्डावर असेल, तर प्रत्येक वेळी पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर काम अडून राहते. दगड आणि पीठ खरवडणारी पट्टी या दोनच वस्तू त्याच कंपनीच्या लागतात. त्यातली पट्टी यंत्राबरोबरच जादा घेऊन ठेवावी.

वॉरंटी बहुतेक वेळा मोटारीपुरतीच असते, म्हणून कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तंत्रज्ञ जागेवर येणार की यंत्र आपण पोहोचवायचे, वाहतूक खर्च कोणाचा आणि कमी व्होल्टेजमुळे मोटार जळाली तर ती वॉरंटीत धरणार की नाही. यंत्र बसवताना भरलेल्या भांड्यावर क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून तो मोटारीच्या पाटीवरील आकड्यापेक्षा जास्त येत नाही ना, हे विक्रेत्याच्या माणसासमोर पाहावे आणि आकडा पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी. त्यानंतर भिजवलेल्या तांदळाचे दोन-तीन घाणे वाटून टाकून द्यावेत; बोटांत चोळल्यावर दगडाची कच लागेनाशी झाली की यंत्र वापरायला तयार झाले.