मायक्रोपिपेट: दोन थांब्यांची गोष्ट

प्रश्न: मायक्रोपिपेटचं मॅन्युअल भलतंच लांबलचक आहे. नेमकं करायचं काय?

उत्तर: बटणाला दोन थांबे असतात, सगळी गोम तिथेच आहे. टिप लावा, बटण हवेतच पहिल्या थांब्यापर्यंत दाबा. मग पिपेट उभं धरून टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवा आणि अंगठा सावकाश सैल करा. झटकन सोडलात तर बुडबुडा आलाच! क्षणभर थांबून बाहेर काढा. ओतताना टिप नळीच्या भिंतीला टेकवा, पहिल्या थांब्यापर्यंत दाबा, मग दुसऱ्यापर्यंत. बटण दाबलेलंच ठेवून उचला.

मी सुरुवातीला द्रव घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचो, त्यामुळे माप जास्त यायचं. शंका आली तर 100 मायक्रोलीटर पाणी काट्यावर टाका, साधारण 0.1 ग्रॅम भरायला हवं.