झोपाळ्याचा रंग आणि अडकलेले एकवीस हजार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

काल तू दुकानात आलास आणि चहाही न घेता निघून गेलास. रात्रभर तुझंच डोक्यात घोळत होतं. तुझ्या गिऱ्हाईक बेन म्हणतात, ‘मी असा रंग सांगितला नव्हता.’ तू म्हणतोस, ‘वॉलनट सांगितला, वॉलनट दिला.’ बेचाळीस हजारांचा सागवानी झोपाळा त्यांच्या हॉलमध्ये टांगलेला आहे, एकवीस हजार अडकलेत, आणि तुझा पूर्ण भर बिलावर लिहिलेल्या त्या एका शब्दावर आहे.

मला एवढंच सांग. त्यांनी ‘आजीच्या झोपाळ्यासारखा’ म्हटलं, तेव्हा आजीचा झोपाळा कसा होता हे तू विचारलंस का? नाही ना. मग जे विचारलं नाही, ते आपल्या खात्यात.

आजीच्या झोपाळ्यावर स्पिरिटमधल्या चपड्याचं पॉलिश असणार. त्यावर पन्नास वर्षांचे हात फिरले, तेल लागलं, धूर बसला, आणि लाकूड आतूनच पिकलं. तो काळपट तपकिरी रंग कुठल्या डब्यात मिळत नाही. तू नव्या सागाला स्टेन मारून वर मेलामाइनचे हात दिलेस. शिवाय नमुना दाखवलास तो प्लायच्या तुकड्यावर, तोही दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. त्यांच्या हॉलमध्ये पिवळे दिवे आहेत, आणि पिवळ्या उजेडात तोच वॉलनट लालसर दिसतो. बेन खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच लाल दिसतो आहे.

म्हणून फोनवर एक शब्दही बोलू नकोस. संध्याकाळी सातला, दिवे लागल्यावर, त्यांच्या घरी जा. पैशाचा विषय काढू नकोस. झोपाळ्यासमोर बस आणि विचार, ‘कुठे खटकतं?’ लाल वाटतो, फिका वाटतो, की चमक जास्त आहे? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. चमक जास्त असेल तर हलकी घासणी करून वर मॅटचा एक हात पुरतो. फिका असेल तर गडद करता येतो: चारशेच्या पेपरने घासून, मेलामाइनमध्ये थोडा स्टेन मिसळून स्प्रेचा एक हात. लालसरपणाही त्यातच काळपट छटा घालून दबतो. पण आहे त्याहून फिका हवा असेल तर सगळं पॉलिश उतरवून कोऱ्या लाकडापर्यंत जावं लागतं. बेनना गडदच हवा आहे, म्हणजे तू सुटलास. हे तरी नीट बघितलंस का?

थेट झोपाळ्यावर प्रयोग करू नकोस. त्याच सागाच्या उरलेल्या पट्टीवर आधी आता आहे ते सगळे हात दे, मग त्यावर नवी छटा दोन-तीन प्रमाणांत मार. पट्ट्या त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या दिव्याखाली ठेव. त्या निवडतील तिच्या मागे सही घे. पट्टी अर्धी काप, एक अर्धं त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे. पाट दुकानात आणूनच स्प्रे कर. मेलामाइनचा उग्र वास त्यांच्या घरात नको.

खर्च? सागाचा तुकडा तू दाखवला नव्हतास, म्हणून मजुरी आणि सामान दोन्ही तुझं. सही झालेल्या तुकड्याप्रमाणे काम असतं आणि त्यांचं मन बदललं असतं, तर मी सामानाचे पैसे मागायला सांगितलं असतं. दुरुस्ती मात्र एकदाच, आणि तसं लिहून घे. पाट परत बसला की त्याच दिवशी बाकी रक्कम. हे आधी बोलायला लाजू नकोस.

तुला वाटेल, काका गिऱ्हाइकाचीच बाजू घेतात. मीही तुझ्यासारखाच होतो. कारेलीबागेतल्या एका बाईंसाठी देव्हारा केला होता. माप कागदावर होतं तसंच, एका सुताचा फरक नाही. मूर्ती बसल्यावर वरची कमान ठेंगणी वाटते, असं त्या म्हणाल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी सगळे पैसे मोजून दिले. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो, तर देव्हारा माळ्यावर होता. त्यावर जुनी फुलाफुलांची चादर होती आणि तिच्याखालून माझ्या कमानीचं टोक दिसत होतं.

माप बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण मूर्तीची उंची मी विचारली नव्हती. जे विचारलं नाही, ते आपल्या खात्यात. तेव्हा हे कळलं असतं तर चार इंचांची कमान बदलायला मला एक दिवस लागला असता.

सागाच्या पट्ट्या नसतील तर उद्या रावपुऱ्यातून येताना माझ्याकडून घेऊन जा, कोपऱ्यात चार-पाच पडल्या आहेत. आणि या वेळी चहा घेऊन जा.

तुझा,
काका