आधी उपवास भाजणीची ओळ हातात घ्या

प्रश्न: "वहिनी सदाशिव पेठेत घरी भाजणी, मेतकूट करून विकतात, साइट मी सांभाळतो. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स टेबलचा तीन महिन्यांचा स्क्रीनशॉट आणि साइटचा पत्ता जोडलाय. इम्प्रेशन भरपूर पण क्लिक नाहीत अशा क्वेरी यातून कशा शोधायच्या? thalipeeth bhajani recipe ला सगळ्यात जास्त इम्प्रेशन आहेत, तीच आधी घ्यायची ना?"

नाही, ती नको. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये खरी कामाची ओळ सातवी आहे, upvas bhajani. 17 क्लिक, 2,140 इम्प्रेशन, सीटीआर म्हणजे इम्प्रेशनमागे क्लिकचं प्रमाण 0.8 टक्के आणि सरासरी पोझिशन 3.4. तिचंच देवनागरी भावंड खाली नवव्या ओळीत आहे, उपवास भाजणी. 9 क्लिक, 1,180 इम्प्रेशन, पोझिशन 3.6.

हे कसं ठरवलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

इम्प्रेशन जास्त आणि सीटीआर कमी एवढंच बघितलं तर टेबलमधल्या निम्म्या ओळी त्यात बसतात. कारण सीटीआर सगळ्यात जास्त ठरतो तो तुम्ही निकालात कितव्या जागी आहात त्यावर. thalipeeth bhajani recipe ला 9,460 इम्प्रेशन आणि 38 क्लिक आहेत, म्हणजे 0.4 टक्के. आकडा वाईट दिसतो, पण शेजारी पोझिशन 8.7 आहे. तिथपर्यंत अंगठा सरकवत येणारे मुळात कमी. बहुतेक पानांवर निकाल प्रत्यक्ष नजरेला पडला नाही तरी, पान उघडलं की इम्प्रेशन मोजलं जातं. त्यामुळे खालच्या जागांवर इम्प्रेशन जमत राहतात आणि क्लिक येत नाहीत. तिथे शीर्षक कितीही छान लिहिलं तरी फार हलत नाही, तिथे आधी वर चढावं लागतं. शिवाय रेसिपी शोधणारी बाई भाजणी घरी दळून आणायच्या विचारात असते, विकत घ्यायच्या नाही. वहिनींच्या साइटवर थालीपीठाची स्वतंत्र कृती नाही, विक्रीच्या पानावर तळाशी चार ओळी आहेत. गूगलने तुम्हाला आठव्या-नवव्या जागेवर ठेवलंय ते त्याच्या परीने बरोबरच आहे.

म्हणून ओळींची तुलना नेहमी जवळपास सारख्या पोझिशनच्या ओळींशी करायची, आणि तीही स्वतःच्याच साइटवरच्या. इंटरनेटवर 'पहिल्या जागेला इतके टक्के, तिसऱ्या जागेला इतके टक्के' असे तक्ते भरपूर सापडतील, ते बाजूला ठेवा. ते कुठल्या साइटवरून, कुठल्या देशात, कसल्या क्वेरींवर काढलेत त्याचा भाजणीशी संबंध नसतो. वरच्या पट्टीतला सरासरी सीटीआरही मोजपट्टी म्हणून घेऊ नका. त्यात एका बाजूने दुकानाच्या नावाने शोधणारे आहेत, 118 इम्प्रेशनला 64 क्लिक, आणि दुसऱ्या बाजूने ते हजारो रेसिपीवाले. दोघांची सरासरी कोणाचीच नसते.

तुमच्याच टेबलमध्ये तिसऱ्या जागेच्या आसपास आणखी तीन ओळी आहेत, क्वेरीपुढे क्लिक, इम्प्रेशन, सीटीआर, पोझिशन या क्रमाने:

```
chakli bhajani online pune   41   512   8.0%   3.1
thalipeeth bhajani price     29   402   7.2%   3.3
metkut online                26   355   7.3%   3.0
```

तिन्ही मिळून 96 क्लिक, 1,269 इम्प्रेशन, म्हणजे साधारण साडेसात टक्के. याच जागेवर, याच साइटला, याच लोकांकडून एवढे क्लिक मिळतात. आणि उपवास भाजणीला, दोन्ही लिप्या धरून, 3,320 इम्प्रेशनला फक्त 26 क्लिक, एक टक्कासुद्धा नाही. पोझिशन तीच असून जवळजवळ दहापट फरक पडतो, तिथे काहीतरी अडलेलं असतं.

पण साडेसात टक्क्यांची अपेक्षा धरू नका. त्या तीन ओळींत online, price असे शब्द आहेत, ते लोक पैसे काढून बसलेले आहेत. नुसतं 'उपवास भाजणी' टाकणाऱ्यात काहींना कृती हवी असते, काहींना विकत हवी असते. म्हणून मी निम्मं धरतो. पावणेचार टक्के म्हटलं तरी सव्वाशेच्या आसपास क्लिक होतात. 26 वरून सव्वाशे ही तुमच्या टेबलमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी कष्टाची वाढ आहे. chakli bhajani चे 7,900 इम्प्रेशन मोहात पाडतील, पण पोझिशन 11.6 म्हणजे बराचसा काळ दुसऱ्या पानावर. दिवाळीसाठी ते काम करण्यासारखं आहे, पण ते वेगळं आणि लांबचं काम आहे.

एक मोठी अडचण स्क्रीनशॉटमध्येच आहे. टेबल आपोआप क्लिकप्रमाणे लावलेलं असतं. तुम्ही पहिल्या दहा ओळी पाठवल्यात आणि खाली 386 पैकी 10 असं दिसतंय. म्हणजे ज्या क्वेरींना क्लिक कमी आहेत त्या शोधताना तुम्ही सर्वाधिक क्लिकच्या ओळी बघताय! एखादी क्वेरी तीन हजार इम्प्रेशन आणि शून्य क्लिक घेऊन पंचविसाव्या पानावर बसली असेल तर ती या चित्रात येणारच नाही. `Impressions` या मथळ्यावर क्लिक करून त्याप्रमाणे लावा, खालून एका पानावरच्या ओळी वाढवा, आणि टेबलच्या वरच्या फिल्टरने `Position` 6 पेक्षा कमी ठेवा. जे उरतं त्यात वरून खाली येत सीटीआरच्या रकान्यात पडलेला खड्डा शोधा. मग स्क्रीनशॉट काढा.

देशाचा फिल्टरही भारतावर ठेवा. अमेरिकेतल्या मराठी घरांतून थालीपीठ, मेतकूट बरंच शोधलं जातं आणि वहिनी तिकडे पाठवत नाहीत. शहराचा फिल्टर मात्र सर्च कन्सोलमध्ये नाही, त्यामुळे नागपूरचं इम्प्रेशन आणि नारायण पेठेतलं इम्प्रेशन एकाच आकड्यात येतात. फक्त पुण्यात घरपोच देणाऱ्या दुकानाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे एक गोष्ट इंग्रजी साइटवाल्यांपेक्षा जास्त नडते. एकच वस्तू लोक चार तऱ्हांनी लिहितात: upvas, upwas, उपवास, आणि घरात बोलतो तसं उपासाची भाजणी. सर्च कन्सोल प्रत्येकाची वेगळी ओळ करतं, म्हणून चारही ओळी सुट्या बघताना किरकोळ वाटतात. क्वेरीच्या फिल्टरमध्ये `Custom (regex)` निवडून हे टाका, मग सगळ्यांची बेरीज वरच्या पट्टीत येईल:

```
up(v|w)?as.*bhajani|उपवास.*भाजणी|उपास.*भाजणी
```

बेरीज पूर्ण असेल असं समजू नका. अगदी थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गूगल गोपनीयतेसाठी टेबलमध्ये दाखवत नाही.

आता कारण. त्या क्वेरीवर क्लिक करून `Pages` टॅबवर जा आणि इम्प्रेशन कोणत्या पानाला मिळतायत ते बघा. साइटचा पत्ता होता म्हणून मी इथे कोथरूडमधून मोबाइलवर, इनकॉग्निटोमध्ये 'उपवास भाजणी' शोधून बघितलं. वर फोटोवाल्या रेसिपींचे चौकोन, मग एक व्हिडिओ, मग एक रेसिपीची साइट आणि त्याखाली तुम्ही. पण दिसतं ते मुखपृष्ठ. शीर्षक 'Home' आणि पुढे दुकानाचं नाव. खालच्या दोन ओळींत पारंपरिक चव, घरगुती प्रेम वगैरे, उपवास हा शब्दच नाही. ज्याला एकादशीला भाजणी हवी आहे त्याला हे त्याच्यासाठी आहे हे कळणार कसं? आणि गंमत नव्हे, खरंच वाईट वाटलं, कारण उपवास भाजणीचं स्वतंत्र पान तुमच्याकडे आहे. त्याचं शीर्षक 'UB 500g' आहे, ते गूगललाही कळत नाही आणि माणसालाही.

वरचे चौकोन आणि व्हिडिओ काही क्लिक खाणारच, ते तुमच्या हातात नाही. हातात आहे ते असं. त्या पानाचं शीर्षक 'उपवास भाजणी Upvas Bhajani 500 ग्रॅम, पुण्यात घरपोच' असं काहीतरी करा, दोन्ही लिप्यांत. वर्णनाच्या पहिल्या वाक्यात राजगिरा, साबुदाणा, वरी, जे घालता ते आणि किंमत येऊ द्या. मुखपृष्ठावरून त्या पानाला 'उपवास भाजणी' याच शब्दांची लिंक द्या, सध्या तिथे नुसता फोटो आहे. आणि मुखपृष्ठाच्या शीर्षकातला 'Home' काढा. मग दोन्ही पाने यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. गूगल कधी कधी आपलं शीर्षक बदलून स्वतःचं दाखवतं, म्हणून आठवड्याभराने परत शोधून काय दिसतं ते बघा.

एक शक्यता तपासल्याशिवाय राहू नका. पोझिशन 3.4 ही कधी कधी फोटोंच्या पट्टीची असते. निकालांच्या पानावर फोटोंची पट्टी तिसऱ्या जागी असेल आणि त्यात तुमच्या पाकिटाचा फोटो असेल, तर त्या फोटोला पट्टीची पोझिशन मिळते आणि क्लिक फारसे येत नाहीत. मला आज तशी पट्टी दिसली नाही, पण तुम्ही वेगवेगळ्या दिवशी, दोन-तीन फोनवर बघा. सतत दिसली तर माझा सव्वाशेचा अंदाज खाली आणावा लागेल.

परिणाम मोजताना तारखांची काळजी घ्या. तुमच्या तीन महिन्यांत आषाढी आणि श्रावण दोन्ही येऊन गेलेत, उपवासाची मागणी त्यात फुगलेली आहे. आता नवरात्र समोर आहे, तेव्हा परत फुगेल. बदलानंतर क्लिक वाढले म्हणून खूश होऊ नका, क्लिक सणामुळेही वाढतात. तारखांच्या `Compare` मध्ये बदलाआधीचे आणि नंतरचे 28 दिवस घ्या, वरचा regex लावा आणि पोझिशन जवळपास तीच असताना सीटीआर किती हलला ते बघा. शेवटचे दोन-तीन दिवस सोडून द्या, त्यांचा डेटा पूर्ण आलेला नसतो. पोझिशन तीनच्या आसपास राहून सीटीआर दोन टक्क्यांच्या वर गेला तर शीर्षकाने काम केलं. सीटीआर तसाच राहिला आणि `Pages` मध्ये अजून मुखपृष्ठच दिसत असेल, तर गूगलने नवं पान उचललेलं नाही, तेव्हा मुखपृष्ठावरची लिंक आणखी वर, पहिल्याच पडद्यावर आणा.