‘७ वाजेपर्यंत’ आणि ‘आपले प्रश्न’: थेट प्रश्नोत्तरांच्या सूचनेतले दोन अडथळे

प्रश्न : ‘शुक्रवार सायंकाळी ७ वाजेपर्यंत आहारतज्ञांसोबत लाइव्ह जुळा, ते आपल्या प्रश्नांची उत्तरे देतील, प्रश्न पाठवा’ अशी ओळ आम्ही चित्राखाली दिली. कार्यक्रम सातला सुरू होणार होता, पण काहींनी तो सातला संपेल असे समजून सहालाच वाट पाहायला सुरुवात केली. वाक्यात व्याकरणाची चूक आहे का?

उत्तर : चूक आहे, आणि ती ‘वाजेपर्यंत’ या एका शब्दावर दोन कामे सोपवल्यामुळे झाली आहे. ‘वाजता’ हा क्षण सांगतो, ‘वाजल्यापासून’ आरंभ सांगतो आणि ‘वाजेपर्यंत’ शेवटची मर्यादा सांगतो. त्याची घडण ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’ यांच्यासारखीच असून तिन्हींत एखादी गोष्ट घडेपर्यंतचा काळ अभिप्रेत असतो. तुमच्या मनात सातची मर्यादा होती ती प्रश्न पाठवण्याची, परंतु ‘वाजेपर्यंत’च्या पुढे पहिले क्रियापद आले ‘जुळा’, त्यामुळे मर्यादा त्यालाच चिकटली. ‘प्रश्न पाठवा’ वाक्याच्या शेवटी, वेळेपासून दूर एकटे पडले आहे. सहाला येऊन बसलेल्यांनी वाक्य बरोबरच वाचले, असे म्हणावे लागेल.

अशा सूचनेत वेळा दोन असतात, म्हणून वाक्येही दोन करावीत आणि क्रियापदेही वेगळी ठेवावीत. कार्यक्रमाआधी जे होते ते ‘पाठवणे’ आणि कार्यक्रम चालू असताना जे होते ते ‘विचारणे’, एवढा भेद पाळला तरी वाचकाला आपण आता काय करायचे आणि नंतर काय, हे कळते. कालावधी द्यायचा असेल तर ‘७ ते ८’ पुरे. ‘७ ते ८ वाजेपर्यंत’ सर्रास लिहिले जाते, पण ‘ते’मध्येच मर्यादा आलेली असते. ‘७ वाजतापासून’ हे रूप मात्र टाळावेच, कारण तेथे ‘७ पासून’ किंवा ‘७ वाजल्यापासून’ असे हवे. ‘शुक्रवार’ऐवजी ‘शुक्रवारी’ लिहावे आणि सोबत तारीख द्यावी, कारण ‘उद्या’ किंवा ‘येत्या शुक्रवारी’ हे शब्द चित्र दोन दिवसांनी पाहणाऱ्याला फसवतात. प्रश्नांची मुदत ‘गुरुवारी रात्री १२’ अशी देऊ नये: गुरुवार सुरू होताना की संपताना, असा घोळ होतो. ‘रात्री १० वाजेपर्यंत’ लिहिल्यास कोणी अडखळत नाही.

दुसरी अडचण कोणी दाखवली नसली तरी ती अधिक गमतीची आहे. ‘ते आपल्या प्रश्नांची उत्तरे देतील’ या वाक्यात ‘आपल्या’ कोणाच्या? मराठीत ‘आपला’ आदरार्थी आहे आणि वाक्याच्या कर्त्याकडे वळणाराही आहे. ‘राम आपल्या भावाला भेटला’ यात भाऊ रामाचाच असतो. त्याच न्यायाने येथे तज्ज्ञ स्वतःच्याच प्रश्नांची उत्तरे देतील, असा अर्थ निघू शकतो. ‘आपले प्रश्न पाठवा’ या आज्ञेत कर्ता वाचकच असल्याने धोका नाही, मात्र कर्ता तृतीयपुरुषी झाला की ‘तुमच्या प्रश्नांची’ असे लिहावे. ‘तुम्ही’ हेही आदराचेच रूप असल्यामुळे त्यात उद्धटपणा येत नाही.

‘जुळा’ हे ‘जुडिए’चे सरळ रूपांतर दिसते. मराठीत सूर जुळतात, पत्रिका जुळतात, विचार जुळतात. कार्यक्रमात मात्र माणूस ‘सहभागी होतो’. शेवटी ‘तज्ञ’बद्दल. तत् आणि ज्ञ यांचा संधी होताना त् चा ज् होतो, म्हणून शुद्ध रूप ‘तज्ज्ञ’. सत् आणि जन यांतून ‘सज्जन’ होतो, तसेच. मराठी उच्चारात ‘ज्ञ’ हा ‘द्न्य’सारखा ऐकू येत असल्यामुळे आधीचा ज् कानाला लागत नाही आणि तो लेखनातूनही गळतो. ‘लाइव्ह’ रूढ आहे, ते ठेवायला माझी हरकत नाही. ‘थेट’ लिहिल्यास एक अक्षर कमी लागेल, इतकेच.

ओळ नव्याने अशी लिहिता येईल:

‘शुक्रवारी, १४ जूनला, सायंकाळी ७ ते ८ या वेळेत आहारतज्ज्ञ तुमच्या प्रश्नांची थेट उत्तरे देतील. तुमचा प्रश्न गुरुवारी, १३ जूनला, रात्री १० वाजेपर्यंत या चित्राखाली टिप्पणीत लिहून पाठवा. कार्यक्रम चालू असतानाही टिप्पणीतून प्रश्न विचारता येतील, परंतु आधी आलेल्या प्रश्नांना प्राधान्य दिले जाईल.’

शेवटच्या वाक्यातील ‘परंतु’नंतरचा भाग केवळ शिष्टाचार म्हणून ठेवू नये. तसा नियम खरोखर नसेल, तर तो वगळून वाक्य ‘विचारता येतील’ येथेच संपवावे.