शोरूमची ड्यूटी, मंगळवारची सुट्टी आणि रात्रीचं शटर

प्रश्न: नागपूरला कपड्याच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. आम्ही 26 जण. सकाळी सव्वादहाला हजेरी, सुटता सुटता रात्रीचे दहा. जेवायला दुपारी पाऊण तास. सुट्टी मंगळवारी, पण माल आला की दोन तास बोलावतात, आणि ऑक्टोबरमधले दोन मंगळवार तर पूर्णच गेले. सेठजी म्हणतात आता दुकान 24 तास उघडं ठेवता येतं, वेळेची अट राहिली नाही. खरं आहे का?

उत्तर:

दुकानापुरतं खरं आहे, तुमच्यापुरतं नाही. सेठजींनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. मी बर्डीवर साड्यांच्या काउंटरला नऊ वर्षं उभा होतो. नंतर तीन-चार दुकानांचे हजेरीपट आणि पगारपत्रकं लिहायला लागलो, आणि हा गोंधळ मला दोन्ही बाजूंनी दिसला.

1948 च्या जुन्या कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस कुलूप लावावंच लागायचं, आणि रात्री बंद करायची वेळही सरकार ठरवायचं. दुकान बंद म्हणजे नोकर घरी, एवढं सोपं होतं. 19 डिसेंबर 2017 पासून महाराष्ट्रात नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला आणि दुकान सातही दिवस उघडं ठेवायची मुभा मिळाली. 1 ऑक्टोबर 2025 च्या शासन निर्णयाने तेच पुन्हा स्पष्ट केलं, की दारू विकणारी किंवा पाजणारी ठिकाणं सोडून बाकीची दुकानं 24 तास चालू शकतात. मात्र ही मुभा एका अटीवर आहे: प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा सलग 24 तास विश्रांती मिळाली पाहिजे. पूर्वी शटरच नोकराला सुट्टी देत होतं. आता ती सेठजींनी माणूस मोजून द्यायची आहे, म्हणजे त्यांची जबाबदारी वाढली आहे.

या अटीतला "सलग" हा शब्द तुमच्या कामाचा आहे. सोमवारी रात्री दहाला सुटलात आणि बुधवारी सव्वादहाला आलात, तर मधे सव्वाछत्तीस तास मिळतात. ती सुट्टी झाली. पण मंगळवारी अकरा ते एक माल उतरवायला बोलावलं, तर सोमवार रात्रीपासून मंगळवार अकरापर्यंत तेरा तास, आणि एकपासून बुधवार सव्वादहापर्यंत सव्वाएकवीस तास. दोन्हींपैकी एकही तुकडा 24 चा नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी त्या आठवड्यात तुम्हाला सुट्टी मिळालीच नाही, हजेरीपटात "सा. सु." लिहिलेलं असलं तरी. "दोनच तास तर होते" हे मी स्वतः किती वेळा ऐकून घेतलं असेल! सुट्टीच्या दिवशीचे दोन तास सगळी सुट्टी खातात, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं.

सुट्टी बुडाली तर तिच्या बदल्यात दुसरी सुट्टी द्यावी लागते, आणि तीही बुडालेल्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत. 7 ऑक्टोबरचा मंगळवार गेला असेल तर बदली सुट्टी 7 डिसेंबरच्या आत, 14 ऑक्टोबरची 14 डिसेंबरच्या आत. "दिवाळीनंतर बघू, लग्नसराई संपली की बघू" असं म्हणत मुदत निघून जाते. म्हणून मुनीमजींकडे तारखा लिहून मागा. नुसतं तोंडी "दोन सुट्ट्या बाकी आहेत" म्हणू नका. कोणत्या तारखेच्या बदल्यात कोणती तारीख, हे कागदावर असू द्या.

आता तासांचा हिशेब. तुमच्या दुकानात 26 जण आहेत हे इथे महत्त्वाचं आहे. 2017 चा कायदा तासांच्या बाबतीत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांसाठी आहे. मालकाच्या घरची माणसं त्यात धरत नाहीत. 3 सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने ज्या बदलांना मंजुरी दिली, त्यात हा आकडा वीस केला आणि रोजच्या मर्यादाही ढिल्या केल्या. तुम्ही दोन्हींत बसता, म्हणून मी तुमचा दिवस दोन्ही मापांनी मोजून दाखवतो. आधीच्या महिन्यांना आधीचं माप लावा, पुढच्यांना पुढचं. कुठल्या तारखेपासून कुठलं, ते कामगार कार्यालयातल्या टेबलावर विचारून घ्या.

सव्वादहा ते रात्री दहा म्हणजे पावणेबारा तास. त्यातून जेवणाचा पाऊण तास वजा केला की प्रत्यक्ष काम अकरा तास. रोजच्या कामाची मर्यादा 9 तास होती, बदलात ती 10 आहे. तुम्ही दोन्ही ओलांडता. आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण काळ, विश्रांती धरून, साडेदहा तासांच्या आत हवा होता. बदलात तो 12 आहे. नव्या मापात तुमचा दिवस पंधरा मिनिटांनी बसतो, आणि सेठजींचा हिशेबनीस बहुधा हेच दाखवेल. त्याला तिथेच थांबवून संध्याकाळकडे वळा.

कारण खरी चूक संध्याकाळी आहे. कायदा म्हणतो की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास विश्रांती हवी. बदलात पाचाचे सहा झाले आहेत. तुमची सकाळ ठीक आहे. सव्वादहाला लागलात, तीनला जेवायला गेलात, म्हणजे पावणेपाच तास. पण पावणेचारला परत काउंटरला उभे राहिलात ते रात्री दहापर्यंत, म्हणजे सव्वासहा तास सलग. जुनं माप लावा की नवं, मधे अर्ध्या तासाची सुट्टी देणं भाग आहे. कोपऱ्यात उभ्या उभ्या घेतलेला चहा ही विश्रांती नाही. गिऱ्हाईक आलं की कप ठेवून धावायचं, मग त्याला विश्रांती कसं म्हणणार? ज्या अर्ध्या तासात तुम्हाला बोलावलं जाऊ शकत नाही, तोच अर्धा तास मोजला जातो. साडेसहाच्या सुमारास पाळीपाळीने चार-चार जणांना सोडलं तर 26 जणांच्या दुकानात गल्ला अडत नाही. एका दुकानात मीच तशी यादी करून दिली होती आणि ती चालली.

शटर खाली आलं की काम संपलं, हाही एक गैरसमज आहे. आमच्याकडे नऊला दिवे कमी व्हायचे, शटर अर्धं यायचं, आणि मग दिवसभर पसरलेल्या साड्यांच्या घड्या. नऊवारीची घडी मोडली की पुन्हा बसवायला वेळ लागतो, पदर बाहेर दिसला पाहिजे. मग गल्ला मिळवणे, डमीला कपडे, दुसऱ्या दिवसाच्या मालाला चिठ्ठ्या. पाऊण तास सहज जायचा आणि हजेरीपटात सुटण्याची वेळ नऊच. हा सगळा वेळ मालकाच्या कामाचा आहे, गिऱ्हाईक आत असो की नसो. तुमची सुटण्याची वेळ म्हणजे तुम्ही दाराबाहेर पडता ती. दुकानात बाया काम करत असतील तर आणखी एक गोष्ट: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात त्यांना त्यांच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय मालकाकडे. घड्या घालायला दहापर्यंत थांबवणं हेही यातच आलं.

आठवड्याचा आकडा मात्र दोन्ही मापांत तोच आहे: 48 तास. तुमचे अकरा गुणिले सहा म्हणजे 66. त्यामुळे दर आठवड्याला 18 तास ओव्हरटाइम, आणि त्याचा दर नेहमीच्या दुप्पट. समजा पगार 13,000 आहे. 26 ने भागलं की दिवसाचे 500, आठाने भागलं की तासाचे 62 रुपये 50 पैसे, दुप्पट 125. अठरा तासांचे 2,250 रुपये, दर आठवड्याला. मंगळवारही गेला त्या आठवड्यात 77 तास भरतात, म्हणजे 29 तास जास्त. बदली सुट्टी दिली म्हणून त्या आठवड्यातला ओव्हरटाइम पुसला जात नाही. आणि पैसे दिले तरी हे बेमुदत चालत नाही. तीन महिन्यांत ओव्हरटाइम 125 तासांपर्यंतच, बदलात 144. तुमचे तेरा आठवडे धरले तर 234 होतात. म्हणजे सेठजींनी उद्यापासून दुप्पट पैसे दिले तरी हे वेळापत्रक टिकत नाही, पाळ्या कराव्याच लागतील. निम्मे सव्वादहाला, निम्मे एक वाजता, एवढ्यानेही बरंच सुटतं.

आता पुरावा. हजेरीपटात बहुतेक दुकानांत "10.30 ते 7.30" असं एकाच शाईने, महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेलं असतं. मी ते भरून पाहिलं आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते. सही करताना वेळ रिकामी असेल तर स्वतःच्या हाताने खरी वेळ लिहा. लिहू दिलं नाही तर खिशातल्या छोट्या वहीत रोज चार आकडे टिपा: आलो, जेवायला गेलो, परत आलो, बाहेर पडलो. त्याच दिवशी टिपा, आठवड्याने आठवून नको. ग्रुपवर येणारे "उद्या मंगळवार सगळ्यांनी यायचं" असे निरोप जपून ठेवा. दोन-तीन सहकाऱ्यांच्या वह्या जुळल्या की हजेरीपटाचं वजन कमी होतं.

आधी सेठजींना एकट्याने नव्हे, चार-पाच जणांनी मिळून संध्याकाळची विश्रांती आणि बदली सुट्ट्यांच्या तारखा लेखी मागा. या दोन गोष्टी त्यांना लगेच देता येण्यासारख्या आहेत. नाहीच मिळालं तर सिव्हिल लाइन्समधल्या प्रशासकीय इमारतीत कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात अर्ज द्या. नव्या कायद्यात निरीक्षकाच्या जागी सुविधाकार असतो, त्याला दुकानात येऊन नोंदी तपासता येतात. अर्जात दुकानाचं नाव, पत्ता, माणसांची संख्या, एका पूर्ण आठवड्याच्या वेळा आणि बुडालेल्या सुट्ट्यांच्या तारखा एवढंच लिहा. "छळ होतो" असं मोघम लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. तारखा-वेळा असलेल्या अर्जावर मालकाला काय विचारायचं ते अधिकाऱ्याला लगेच कळतं. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका.