मग पोटॅशियमचं आवरण कुठे गेलं?

प्रश्न: इंटिग्रल आणि पेरिफेरल प्रोटीनमध्ये नेमका फरक काय? आणि चॅनलमधून ठरावीकच पदार्थ का जातात? टीवायला आहे, सोप्यात सांगा.

पहिलं पटकन उरकते. प्रोटीन कुठे बसलंय ते बघू नका, सुटतं कसं ते बघा. लाल रक्तपेशी फोडून, हिमोग्लोबिन धुऊन काढलं की रिकामं पटल उरतं. ते पीएच ११ च्या सोडियम कार्बोनेटमध्ये ठेवल्यावर जे सुटून येतं ते पेरिफेरल; डिटर्जंटशिवाय जे हलत नाही ते इंटिग्रल. स्पेक्ट्रिन पेशीच्या आतल्या अंगाला असतं, तरी पेरिफेरलच. चॅनल सगळे इंटिग्रल.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र जुनी जखम उघडली. एमएस्सीच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल म्हणाले, "सोडियम पोटॅशियमहून लहान, मग तो पोटॅशियमच्या चॅनलमधून का जात नाही?" मी फळ्यावर फिल्टरमधले, म्हणजे चॅनलच्या सगळ्यात अरुंद भागातले ऑक्सिजन काढायला घेतले. "ते राहू दे. सोडियमभोवती पाण्याचं आवरण मोठं, म्हणून अडकतो. एवढं साधं येत नाही?" आमच्या मॅडम जर्नलची पानं उलटत बसल्या. मार्क गेले ते गेलेच. चर्चगेटहून बोरिवली येईपर्यंत मी मैत्रिणीचं डोकं खाल्लं. मॅकिनन यांच्या गटाने जिवाणूतल्या केसीएसए या पोटॅशियम चॅनलची रचना १९९८ मध्येच छापली होती, आणि तो अंक आमच्याच लायब्ररीत होता!

फिल्टर इतका अरुंद आहे की पाण्याच्या आवरणासकट कोणीच शिरत नाही, पोटॅशियमही नाही. आवरण उतरवायला ऊर्जा लागते. फिल्टरच्या भिंतीतले कार्बोनिल ऑक्सिजन पोटॅशियमला पाण्याइतक्याच अंतरावर भेटतात, त्यामुळे त्याचा हिशोब जुळतो. सोडियमची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३. एवढ्याशा सोडियमला ते ऑक्सिजन नीट पुरत नाहीत, म्हणून तो पाण्यातच राहणं पसंत करतो. साधारण दहा हजार पोटॅशियममागे एखादा सोडियम निसटतो.

गेट ही वेगळी जागा, फिल्टरच्या खाली, पेशीच्या आतल्या तोंडाशी. कोण जाणार ते फिल्टर ठरवतो, कधी जाणार ते गेट. व्होल्टेजवर चालणाऱ्या चॅनलमध्ये आर्जिनिनचे धनभार असलेलं एक हेलिक्स सरकतं आणि गेट उघडतं.

पाण्याचं चॅनल, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, तेही चाळणी नाहीच. चाळणी असती तर सगळ्यात लहान प्रोटॉन आधी गेला असता. पाण्याचे रेणू एकामागोमाग एक, सेकंदाला अब्जावधी जातात. मध्यावरच्या धन विद्युतक्षेत्रामुळे प्रोटॉन मात्र अडतो. तिथेच दोन अ‍ॅस्परॅजिन पाण्याच्या रेणूला वळवून धरतात, त्यामुळे प्रोटॉनला रेणूंवरून उड्या मारत जायची साखळीही मिळत नाही.

तेव्हा कोणी आवरणाचं सांगितलंच तर विचारा, मग पोटॅशियमचं आवरण कुठे गेलं?

ता. क. कार्बोनेटची कसोटी शंभर टक्के चालत नाही. जीपीआय या स्निग्ध नांगराने पटलाला अडकलेली प्रोटीनं पटलाच्या आरपार जात नाहीत, तरी त्याने सुटत नाहीत. आणि एक्यूपी३ हे अ‍ॅक्वापोरिन पाण्याबरोबर ग्लिसरॉलही सोडतं.